अकरा ते अकरा वीस

ताईचा हात स्वच्छ होता, असं दुकानातले सगळे म्हणायचे. चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत यंत्रासमोर बसून ती बावीस वर्षं काचा घासत होती. तिच्या हातून गेलेल्या काचेवर बोटाचा ठसा दाखवा आणि बक्षीस घ्या, असं मालक गिऱ्हाइकांना चेष्टेत सांगायचा. मालकापासून झाडूवालीपर्यंत सगळेच तिला ताई म्हणत. खरं तर ती एकाच माणसाची ताई होती, आणि तो नऊ वर्षांपासून तुरुंगात होता.

धाकट्या भावानं माणूस मारला होता. मारायचं ठरवून नाही. गोदामात माल उतरवताना भांडण झालं, हातात लोखंडी पहार होती, ती उचलली गेली. उचललेली पहार काही परत खाली ठेवता येत नाही. ज्याला लागली तो तिसऱ्या दिवशी गेला, आणि धाकटा आत गेला. ताईचं लग्न ठरलं होतं ते मोडलं. मुलाकडच्यांनी गोड बोलून, पाणी पिऊन, हसून निरोप घेतला आणि पुन्हा फोन उचलला नाही. त्यानंतर कुणी विचारलं नाही आणि तिनंही मान वर करून पाहिलं नाही.

आई मात्र जात राहिली. तुरुंग सात-आठ तासांच्या बसप्रवासावर होता. पहाटे निघायचं, अर्धा तास जाळीपलीकडून बघायचं, रात्रभर बसमध्ये डुलक्या काढत परतायचं. आयुष्यभर लाँड्रीत इस्त्री मारलेली बाई, वाफ खाऊन खाऊन तिच्या छातीचा भाता झाला होता. दोन वर्षांपूर्वी तो भाता पुरता बसला. तेव्हापासून ती खिडकीजवळच्या खाटेवर होती, नाकात नळी आणि उशाशी घुरघुरणारं ऑक्सिजनचं यंत्र. खाटेपासून मोरीपर्यंत जायचं तरी मध्ये दोनदा खुर्चीवर टेकावं लागे.

धाकट्याला हे माहीत नव्हतं. त्याला कळवायचं कुणी, तर ताईनं. आणि ताईनं त्याला दोन वर्षांत एक ओळ लिहिली नव्हती. त्याची तीन पत्रं आली होती. पहिलं तिनं वाचलं. "आई का येत नाही? तू अडवतेस का?" एवढं वाचलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुसरं आणि तिसरं तिनं फोडलंच नाही, कपाटाच्या कप्प्यात टाकून दिली.

आईला ती सांगायची, "त्याचं बरं चाललंय."

"पत्र आलं का?"

"आलं होतं. बरा आहे."

आईला अक्षर दिसत नव्हतं, म्हणून हे चाललं. पण डॉक्टरांनी मागच्या खेपेला ताईला दाराबाहेर बोलावून सांगितलं, की आता महिने मोजू नका, आठवडे मोजा. त्या संध्याकाळी आईनं, जणू भिंतीपलीकडून ऐकल्यासारखं, विचारलं, "हल्ली म्हणे घरी बसून भेटता येतं? लॅपटॉपवर? खालची मास्तरीण सांगत होती."

"येतं म्हणतात."

"मग?"

त्या 'मग'पुढे ताईचं काही चाललं नाही. तिनं मास्तरणीच्या मदतीनं अर्ज भरला. आईचा फोटो, ओळखपत्र, घरचा पत्ता आणि ज्या यंत्रावरून भेट घ्यायची त्या यंत्राची नोंद. मोबाईल चालत नाही, असं अर्जातच मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं. तुरुंगाचं ॲप फक्त नोंदवलेल्या संगणकावर उघडायचं. ताईकडे लॅपटॉप होता, दुकानातला जुना, मालकानं नवा घेतल्यावर तिला दिलेला. की-बोर्डावरची अर्धी अक्षरं उडालेली, पण चालत होता. पाच आठवड्यांनी तारीख मिळाली. गुरुवार, सकाळी अकरा ते अकरा वीस.

"वीसच मिनिटं?" आई म्हणाली.

"वीस म्हणजे खूप झाली. तुला दम लागेल."

"आणि तू?"

"मी लावून देईन. बोल तू. मी स्वयंपाकघरात बसेन."

आईनं नुसती नळी नीट केली.

बुधवारी संध्याकाळी ताईनं सगळं लावून पाहिलं. इंटरनेट लागलं, ॲप उघडलं, कॅमेऱ्यात आईचं तोंड दिसलं. आईनं स्वतःला पाहून "अगो बाई, ही कोण म्हातारी?" म्हटलं आणि दोघी कितीतरी दिवसांनी हसल्या. ताईनं लॅपटॉप तसाच चालू ठेवून झाकण लावलं. म्हटलं, चालतंय त्याला हात लावायला नको.

गुरुवारी सकाळी आठ वाजता तिनं हात लावलाच. झाकण उघडून पाहिलं, तर उजेडात की-बोर्डावरची धूळ आणि तेलकट डाग डोळ्यांत भरले. त्या पडद्यातून तिच्या भावाला की-बोर्ड दिसणार नव्हता, हे तिला कळत होतं. पण सवय ती सवय. डाव्या हाताचा अंगठा खालच्या कोपऱ्यावर टेकवून तिनं लॅपटॉप घट्ट धरला आणि उजव्या हातानं, काच पुसायच्या मऊ फडक्यानं, वरची ओळ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चांगली दाबून पुसली. मध्येच पडदा अंधारला, आवाजाची पट्टी येऊन गेली. "अगं बाई," म्हणत तिनं कोपऱ्यातल्या चिन्हांवर टिचकी मारली, सूर्याच्या चित्रापुढची पट्टी सरकवून उजेड वाढवला, आवाज परत चालू केला. त्याच चौकटीत, दोन बोटं वर, एका छोट्या विमानाचं चित्र निळं होऊन बसलं होतं. ताईची नजर सूर्यावर होती. तिनं चौकट मिटवली आणि आईला दूध द्यायला उठली.

साडेदहाला आई तयार होती. केस विंचरून, निळा स्वेटर घालून, पाठीला तीन उशा लावून. एरवी अंग पुसायचं म्हटलं तरी कुरकुरणारी आई आज स्वतःहून म्हणाली, "ती पावडर आण जरा. तोंड काळवंडलंय."

पावणेअकराला ताईनं ॲप उघडलं. पडद्यावर एक ओळ आली: इंटरनेट जोडलेलं नाही.

"काय गं?" आईनं विचारलं.

"काही नाही. लागेल आत्ता."

तिनं कोनाड्यातल्या राउटरकडे पाहिलं. दिवे हिरवे, नेहमीसारखे. मोबाईलवर बघितलं, तर इंटरनेट छान चालू. तरी तिनं राउटर बंद करून पुन्हा लावला, कारण दुकानात काही अडलं की मालक तेच करायचा. दिवे एकेक करून परत यायला चार मिनिटं लागली. लॅपटॉपवर फरक शून्य.

मग तिनं कोपऱ्यात नीट पाहिलं, आणि वाय-फायच्या पंख्यासारख्या चिन्हाच्या जागी विमान दिसलं.

"विमान कुठून आलं यात?" ती स्वतःशीच म्हणाली.

"कोण विमानानं येतोय?" आई म्हणाली.

ताईनं विमानावर टिचकी मारली. विमान मोड चालू आहे, असं लिहून आलं. तिला हायसं वाटलं. मोबाईलमध्येही असं असतं, हे तिला माहीत होतं. तिनं तो बंद केला. विमान गेलं. पण शेजारचा वाय-फायचा चौकोन राखाडीच राहिला. त्यावर टिचकी मारली की तो क्षणभर उजळायचा आणि पुन्हा राखाडी व्हायचा. एकदा, दोनदा, पाचदा. जणू कुणी आतून त्याचा हात धरून ठेवला होता.

दहा त्रेपन्न. तिनं लॅपटॉप बंद करून चालू करायचं ठरवलं. आणि तिथंच घात झाला. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली: अपडेट चालू आहे, संगणक बंद करू नका. सव्वीस टक्के.

सव्वीस टक्के असताना ताईच्या तोंडचं पाणी पळालं. एकतीस असताना तिनं तुरुंगाच्या कचेरीला फोन लावला. घंटी वाजत राहिली, मग एक ध्वनिमुद्रित बाई बोलली, भेटीच्या वेळेत दूरध्वनी घेतले जात नाहीत. चव्वेचाळीस असताना आईनं विचारलं, "किती वाजले?"

"आहे वेळ."

"अकरा वाजले असतील गं."

"आई, आहे वेळ म्हटलं ना!"

यंत्र घुरघुरत राहिलं. लॅपटॉप पुन्हा उघडला तेव्हा अकरा वाजून एक मिनिट झालं होतं. विमान नव्हतं. वाय-फायचा चौकोन राखाडी.

तिनं मोबाईलचा हॉटस्पॉट चालू केला. दुकानात वीज गेली की सगळे तसंच करायचे. पण लॅपटॉपला राउटरच दिसत नव्हता तिथे मोबाईल काय दिसणार? ज्याचे कान बंद त्याला शेजाऱ्यानं हाक मारली काय आणि लांबच्यानं मारली काय. ती हॉटस्पॉट बंद करायची, चालू करायची, आणि घामेजलेली बोटं ओढणीला पुसायची.

अकरा पाच. 'अडचण शोधा' असं लिहिलेलं एक बटण होतं, ते तिनं दाबलं. हिरवी रेघ इकडून तिकडे धावली आणि उत्तर आलं: वायरलेस बंद आहे. संगणकावरचं स्विच किंवा फंक्शन की वापरून चालू करा.

"स्विच," ती मोठ्यानं म्हणाली. तिनं लॅपटॉप उचलला, डावी कड पाहिली, उजवी पाहिली, पुढची, मागची. चार्जरचं भोक, हेडफोनचं भोक, कसली कसली भोकं. स्विच कुठेच नव्हतं. तिनं बोटांनी चाचपून पाहिलं, जसं ती काचेची धार चाचपते. नव्हतंच.

"तो आला असेल का गं तिथं?" आईनं विचारलं.

ताईच्या डोळ्यांपुढे एक खोली आली, एक पडदा, आणि पडद्यापुढे बसलेला तिचा भाऊ. त्याच्या पडद्यावर काय दिसत असेल? काहीच नाही. दोन वर्षं जसं काहीच नाही तसंच.

लॅपटॉप दुरुस्त करणाऱ्याचा नंबर तिच्याकडे होता. त्यानं मागे पंखा बदलून दिला होता. दोनदा फोन लावला, त्यानं उचलला नाही. अकरा आठला त्याचाच आला.

"बोला ताई. गिऱ्हाईक होतं."

"वाय-फाय लागत नाही. विमान मोड आला होता, तो मी काढला, तरी लागत नाही. स्विच लावा म्हणतो, स्विच नाहीच कुठे. माझी भेट आहे, अकराची आहे, लवकर सांगा."

"घाबरू नका. स्विच बाजूला नाही, की-बोर्डातच आहे. वरच्या ओळीत बघा, एफ वन, एफ टू असतं ना? त्यातल्या एकावर विमानाचं नाहीतर अँटेनाचं चित्र असेल."

"चित्रं उडाली आहेत हो!"

"बरं, बारीक दिवा असेल बघा एखाद्या बटणावर."

होता. उजवीकडून तिसऱ्या बटणावर, मोहरीएवढा. नारिंगी.

"नारिंगी म्हणजे बंद," तो म्हणाला. "दाबा तेच."

तिनं दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. जोरात दाबलं.

"नाही होत."

"नुसतं नाही दाबायचं. खाली डाव्या कोपऱ्यात, कंट्रोलच्या शेजारी एक बटण असेल, एफ आणि एन लिहिलेलं. ते धरून ठेवायचं आणि मग वरचं दाबायचं. दोन्ही एकदम."

डावा कोपरा. ताईचा अंगठा सकाळी जिथं टेकला होता तिथंच जाऊन टेकला, आणि त्याच क्षणी तिला सगळं कळलं. पुसताना तिनंच ही दोन बटणं एकदम दाबली होती. तिनं वरचं बटण दाबलं. नारिंगी दिवा पांढरा झाला.

"झाला पांढरा!"

"आता कोपऱ्यात वाय-फाय आहे ना, त्यावर एकदा टिचकी मारा. तो आपणहून लागेलच असं नाही."

तिनं मारली. राखाडी चौकोन निळा झाला आणि निळाच राहिला. खालच्या मास्तरणीचं, समोरच्यांचं, वरच्या मजल्याचं अशी नावं भराभर येऊ लागली, त्यांत तिच्या घरचंही आलं. अकरा तेरा. तिनं फोन न तोडताच बाजूला टाकला.

ॲप उघडलं. कॅमेरा तपासा. झालं. आवाज तपासा. झालं. भेट घेणाऱ्या व्यक्तीचा चेहरा फोटोशी जुळवत आहोत. जुळला नाही. पुन्हा प्रयत्न करा.

"आई, नळी. नळी काढ जरा."

"काढू?"

"एक मिनिट. फोटोत नळी नाही ना."

आईनं स्वतःच नळी हनुवटीखाली ओढली आणि फोटोसाठी धरतात तशी मान ताठ धरली. ओठ निळसर पडायला लागले. चेहरा जुळला. ताईनं पटकन नळी परत बसवली, आणि पडदा उजळला.

अकरा सोळा.

समोर एक खोली होती. फिकट भिंत, भिंतीवर घड्याळ, आणि मधोमध एक प्लास्टिकची खुर्ची. खुर्ची रिकामी होती.

"कुठाय?" आई म्हणाली.

"हॅलो," ताई ओरडली. "हॅलो, कुणी आहे का?"

कडेनं एक पहारेकरी वाकून आत आला. पन्नाशीचा, चेहऱ्यानं सौम्य.

"तुम्ही उशीर केलात," तो म्हणाला. "गेला तो."

"गेला म्हणजे? वीसपर्यंत वेळ आहे. अजून चार मिनिटं आहेत."

"मी त्याला म्हटलं, बस, वेळ आहे. बारा मिनिटं बसला. मग तोच उठला. म्हणाला, चला, त्या नाही येणार."

"त्याला बोलवा. दोन मिनिटांसाठी बोलवा. आमचं नेट बंद होतं, बटण दाबलं गेलं होतं, माझी चूक झाली. प्लीज."

पहारेकऱ्यानं मान हलवली. "बाई, तीन दारं आहेत. प्रत्येक दाराशी मोजणी. आत गेला की आजचा गेला. आणायला गेलो तर पुढच्याची वेळ होईल. तो बघा, बाहेर उभा आहे."

ताई कॅमेऱ्यासमोर आईच्या शेजारी कधी येऊन बसली होती ते तिलाही कळलं नव्हतं. स्वयंपाकघरात बसायची गोष्ट ती विसरली होती. आई पडद्याच्या अगदी जवळ झुकून एकटक बघत होती.

"आजी," पहारेकरी म्हणाला, "पुढच्या वेळी या. लवकरची तारीख मागा."

आईनं त्याला विचारलं, "वाळलाय का हो तो?"

पहारेकरी म्हणाला, "नाही. बरा आहे."

"दाढी करतो का?"

"करतो. आज करून आला होता."

"खोकला?"

"नाही आजी. खोकला नाही."

आईला आणखी काही विचारायचं होतं, पण दम पुरेना. ती नुसती खुर्चीकडे बघत राहिली. पहारेकरीही तसाच उभा राहिला; त्याला कॅमेरा बंद करता आला असता, पण त्यानं केला नाही. अकरा वीसला पडदा आपोआप काळा झाला आणि त्यात दोघींची तोंडं दिसली.

"आज दाढी केली होती म्हणे," आई म्हणाली आणि उशीवर मागे टेकली.

बाजूला टाकलेल्या फोनवरचा कॉल कधीच तुटला होता. थोड्या वेळानं लॅपटॉपवाल्यानं पुन्हा केला.

"झालं का काम?"

"नाही झालं."

"अरेरे. अहो, मला तेव्हा सुचलंच नाही बघा. मोबाईल चार्जिंगच्या वायरनं लॅपटॉपला जोडला असता आणि मोबाईलमध्ये वायरवरून नेट द्यायचं चालू केलं असतं, तर लागलं असतं. त्याला वाय-फाय लागतच नाही. विमान मोडमध्येसुद्धा चालतं."

चार्जिंगची वायर खाटेच्या पायथ्याशीच पडली होती. ताईनं तिच्याकडे पाहिलं आणि "बरं" म्हणून फोन ठेवला.

त्या दुपारी तिनं नवा अर्ज भरला. कारणाच्या रकान्यात 'आई अत्यवस्थ' असं लिहिलं, डॉक्टरांची चिठ्ठी जोडली. उत्तर तिसऱ्या दिवशी आलं. सर्व वेळा भरलेल्या आहेत. पहिली मोकळी वेळ पाच आठवड्यांनंतर. फोन करून पाहिला. फोनवरचा माणूस सभ्यपणे म्हणाला, ज्यांना वेळ दिली होती आणि जे आले नाहीत त्यांना रांगेच्या शेवटीच घेतात, नियमच तसा आहे. "आम्ही आलो होतो," ताई म्हणाली. "नोंद नाही," तो म्हणाला. सोळाव्या मिनिटाला आलेल्यांची नोंद होत नव्हती.

मग तिनं पत्र लिहायला घेतलं. दोन वर्षांत पहिलंच. रुसवा, राग, काय काय ते बाजूला ठेवलं आणि नुसतं काय झालं ते लिहायचं म्हटलं. पण लिहायला बसल्यावर तिला कळलं, की हे लिहिणं किती अवघड आहे. लॅपटॉपच्या वरच्या ओळीत एक बटण असतं, ते आणि खालचं एक बटण एकदम दाबलं गेलं की वाय-फाय बंद होतं, मग पडद्यावर कितीही टिचक्या मारल्या तरी लागत नाही, तीच दोन बटणं पुन्हा दाबावी लागतात. मी पुसताना ती दाबली गेली. हे लिहून तिनं वाचलं, आणि तिलाच ते खोटं वाटलं. अभ्यास न केलेलं पोर वहीचं काहीतरी सांगतं तसं. तिनं चार कागद फाडले. पाचव्यावर आईचा आजार लिहिला, बटणाचं तेच परत लिहिलं, आणि पाकीट टाकून आली.

आई त्या गुरुवारनंतर सतराव्या दिवशी गेली. सकाळी, यंत्र चालू असताना. शेवटचे काही दिवस तिला बोलता येत नव्हतं. नुसता हात वर करून ती दाराकडे बोट दाखवायची, आणि ताई दार उघडून, बाहेर कुणी नाही असं दाखवून परत लावायची. तुरुंगाला कळवलं. धाकट्याला अंत्यविधीसाठी सोडलं नाही; अंतर फार आहे आणि सोबत द्यायला माणसं नाहीत, असं कळवण्यात आलं.

त्याचं पत्र त्यानंतर आलं. तारखेवरून कळत होतं, की आईची बातमी पोचायच्या आधी लिहिलेलं होतं. चारच ओळी.

"तुझं पत्र मिळालं. आई आजारी आहे हे मला दोन वर्षांनी कळवतेस. त्या दिवशी मी नवा शर्ट मागून घेतला होता. यायचं नव्हतं तर नव्हतं म्हण, पण एवढ्या मोठ्या गोष्टीला एवढंसं बटण कारण म्हणून सांगू नकोस."

ताईनं ते पत्र उभ्यानं वाचलं, बसून वाचलं. मग कपाटाच्या कप्प्यातली ती दोन बंद पत्रं काढून फोडली. दोन्हींत आईच्या खोकल्यासाठी काय काय करायचं ते लिहिलं होतं. कुणा कैद्याच्या बायकोनं सांगितलेलं, क्रमानं, आकडे घालून. आईला खोकला आहे हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. शेवटच्या भेटीत त्यानं तो ऐकला होता.

पाच आठवड्यांनी जी वेळ मिळाली होती ती तिनं रद्द केली नाही, फक्त कळवून आईच्या जागी स्वतःचा फोटो आणि ओळखपत्र लावून घेतलं. दुकानातून अर्धा दिवस सुट्टी घेतली. दहा वाजल्यापासून ती लॅपटॉपसमोर बसली होती. की-बोर्डावर धूळ होती, तिनं तिला हात लावला नाही. दहा पन्नासला वाय-फाय लागलेलं होतं, ॲप उघडलेलं होतं, चेहरा जुळला होता. तो येईल की नाही याची तिला खात्री नव्हती.

अकराला तो आला. केस पांढरे झाले होते. तो बसला आणि कॅमेऱ्याच्या थोडं बाजूला, भिंतीकडे बघत राहिला.

"मी आलेय," ताई म्हणाली.

"दिसतंय."

"आईला तुझी..." ती सुरू झाली आणि थांबली. तिनं आठवडाभर मनात जुळवलेलं सगळं कुठल्या कुठे गेलं.

"त्रास झाला का तिला?" त्यानं विचारलं.

"झाला."

त्यानं मान हलवली. हात गुडघ्यांवर ठेवले.

"बटणाचं खरं आहे," ताई म्हणाली. "शपथ घेऊन सांगते. मी तुला..."

"असेल," तो म्हणाला. रागानं नाही. दुसऱ्या कुणाची तरी गोष्ट ऐकल्यासारखं. "असेल गं ताई. आता काय त्याचं."

इंटरनेट छान चालू होतं, चित्र जराही अडखळत नव्हतं, त्याच्या मागच्या घड्याळाचा काटा सरकताना दिसत होता. अकरा सहा झाले होते. अजून चौदा मिनिटं होती, आणि त्या चौदा मिनिटांत काय बोलायचं ते दोघांपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. पण या वेळी तो उठला नाही, आणि तिनंही झाकण लावलं नाही.